कर तिकडे कापला, पुरावा इकडे मागितला

हिंजवडी, मगरपट्टा किंवा ऐरोलीतल्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या अनेकांच्या नावावर आज अमेरिकन शेअर असतात. नोकरी ज्या कंपनीत, तिची मूळ कंपनी अमेरिकेत असते आणि मोबदल्याचा काही भाग तिच्या शेअरच्या रूपात मिळतो. दर तिमाहीला त्या शेअरवर लाभांश येतो. जाहीर झालेला लाभांश 100 डॉलर असला, तरी खात्यात जमा होतात 75 डॉलर. मधले 25 डॉलर ब्रोकरने अमेरिकन सरकारच्या वतीने कापून घेतलेले असतात. भारतात मात्र कर 75 डॉलरवर लागत नाही, तो पूर्ण 100 डॉलरवर लागतो. जो माणूस भारतात सर्वसाधारण निवासी आहे, त्याचे जगभरातले सगळे उत्पन्न इथे करपात्र असते.

एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये यासाठी कायद्यात सवलत आहे. बहुतेकांना ती ऐकून माहीत असते आणि विवरणपत्रात ती मागितलीही जाते. मग काही महिन्यांनी प्राप्तिकर खात्याची नोटीस येते: परदेशात कर भरल्याचा पुरावा सादर करा. करदाता ब्रोकरचा वार्षिक दाखला जोडून मोकळा होतो आणि सवलत कमी झाल्याचा आदेश आला की चकित होतो. कर तर खरोखरच कापला गेला होता, मग सवलत का गेली?

याचे कारण असे, की कर भरल्याचा पुरावा ही गरजेची निम्मीच बाजू आहे. अधिकाऱ्याला तिकडचा कर आणि इकडे दाखवलेले उत्पन्न यांची जोडी लावून पाहायची असते. हा कर नेमक्या कोणत्या उत्पन्नावर होता, ते उत्पन्न याच वर्षी भारतात दाखवले आहे का, आणि तो कर पुन्हा परत मिळण्याजोगा तर नाही ना, या तीन गोष्टी कागदांवरून दिसल्या पाहिजेत. ही जोडी कशी लावायची, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण कल्पित आहे आणि आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोळाबेरीज घेतले आहेत. नियम मात्र खरे आहेत.

हातात 1200, दाखवायचे 1600

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका इंजिनिअरबाईंना आर्थिक वर्ष 2024-25 मध्ये चार वेळा लाभांश मिळाला: जून, सप्टेंबर आणि डिसेंबर 2024 मध्ये, आणि मार्च 2025 मध्ये. प्रत्येक वेळी 400 डॉलर, म्हणजे एकूण 1600 डॉलर. त्यावर 25 टक्क्यांप्रमाणे 400 डॉलर कर कापला गेला आणि ब्रोकरच्या खात्यात 1200 डॉलर जमा झाले.

पहिली चूक इथेच होते. खात्यात 1200 दिसतात, म्हणून विवरणपत्रात 1200 लिहिले जातात. कापलेला कर हा खर्च नाही. तो त्यांच्याच उत्पन्नातून त्यांच्याच नावाने भरला गेला आहे. त्यामुळे ‘इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न’ या सदरात पूर्ण 1600 डॉलरची रक्कम रुपयांत दाखवावी लागते. निव्वळ रक्कम दाखवून वर कराची सवलतही मागितली, तर अधिकाऱ्याला ते एका नजरेत दिसते, कारण कापलेला कर मग उत्पन्नाच्या 25 टक्के न दिसता तेहतीस टक्के दिसतो.

डॉलरचे रुपये करताना मनाला येईल तो दर चालत नाही. लाभांश ज्या महिन्यात मिळाला, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट घ्यायचा असतो. जून 2024 मधल्या लाभांशासाठी 31 मे 2024 चा दर, सप्टेंबरच्या लाभांशासाठी 31 ऑगस्टचा. कापलेल्या करासाठीही नियम असाच आहे: कर ज्या महिन्यात कापला, त्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. लाभांश आणि करकपात एकाच दिवशी होत असल्यामुळे दोन्हींना एकच दर लागतो. त्या दिवशी बँकेला सुट्टी असेल, तर त्याआधीच्या कामाच्या दिवसाचा दर घेऊन तसे तक्त्यात लिहून ठेवण्याची पद्धत आहे. बँकेचे दरपत्रक रोज बदलते. म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवसाचे दरपत्रक त्या त्या वेळी उतरवून ठेवले, तर दोन वर्षांनी शोधाशोध करावी लागत नाही.

हिशेब सोपा राहावा म्हणून आपण सगळीकडे डॉलरला 85 रुपये धरू. मग लाभांश झाला 1,36,000 रुपये आणि अमेरिकेत कापलेला कर 34,000 रुपये.

34,000 भरले, म्हणून 34,000 मिळत नाहीत

भारत आणि अमेरिका यांच्यात 1989 मध्ये झालेल्या करारानुसार अमेरिकन कंपनीच्या लाभांशावर भारतीय निवासी व्यक्तीकडून अमेरिकेने जास्तीत जास्त 25 टक्के कर घ्यायचा आणि तो भारताने आपल्या करातून वजा करून द्यायचा, असे ठरले आहे. आपल्या 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात करार असलेल्या देशांसाठी कलम 90 आहे आणि करार नसलेल्या देशांसाठी कलम 91. सवलत कशी मोजायची आणि कोणते कागद लागतात, हे नियम 128 सांगतो.

या नियमाचा गाभा एका वाक्यात मावतो. परदेशात भरलेला कर आणि त्याच उत्पन्नावर भारतात बसणारा कर, यांपैकी जो कमी, तेवढीच सवलत मिळते. ही तुलना प्रत्येक देशासाठी आणि त्या देशातल्या प्रत्येक प्रकारच्या उत्पन्नासाठी वेगळी करायची असते. एका देशात जास्त कापलेला कर दुसऱ्या देशातल्या कमी कराशी मिसळता येत नाही.

आता इंजिनिअरबाईंचा भारतातला कर पाहू. लाभांश धरून त्यांचे एकूण करपात्र उत्पन्न 20 लाख रुपये आहे आणि त्यांनी नवी करप्रणाली निवडली आहे. 2024-25 च्या टप्प्यांप्रमाणे 15 लाखांपर्यंतचा कर 1,40,000 रुपये होतो. उरलेल्या पाच लाखांवर 30 टक्क्यांनी 1,50,000 रुपये. एकूण 2,90,000 आणि त्यावर 4 टक्के उपकर धरून 3,01,600 रुपये. म्हणजे 20 लाखांवर सरासरी 15.08 टक्के कर बसला.

लाभांशावर भारतात किती कर बसला, हे या सरासरी दरानेच काढण्याची रीत रूढ आहे. कलम 91 मध्ये तर सरासरी दराचा स्पष्ट उल्लेख आहे. करार असलेल्या देशांबाबत नियमात ‘त्या उत्पन्नावर देय असलेला कर’ एवढेच शब्द आहेत, आणि तिथे काही जण शेवटच्या टप्प्याचा 30 टक्के दर लावून पूर्ण 34,000 मागतात. अधिकाऱ्याच्या पहिल्या प्रश्नांपैकी एक प्रश्न नेमका इथे येतो. सरासरी दराने 1,36,000 रुपयांवर कर होतो 20,509 रुपये. तिकडे भरलेल्या 34,000 पेक्षा तो कमी आहे, म्हणून सवलत 20,509 रुपयांची.

उरलेले 13,491 रुपये कुठे गेले? ते अमेरिकेकडेच राहिले. भारत ते परत करत नाही, कारण तो कर भारताला मिळालाच नव्हता. पुढच्या वर्षी ते वापरावेत अशी तरतूदही कायद्यात नाही. अमेरिकाही ते देणार नाही, कारण कराराप्रमाणे 25 टक्के कर घेण्याचा तिला हक्क आहे. याच करप्रणालीत उत्पन्न 50 लाख रुपये असते, तर सरासरी दर 24.75 टक्क्यांवर गेला असता आणि 34,000 पैकी 33,663 रुपयांची सवलत मिळाली असती. उत्पन्न जितके कमी, तितकी अमेरिकन लाभांशावरची सवलत अपुरी पडते. अमेरिकन शेअरच्या जाहिराती पाहून छोट्या रकमा गुंतवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यायला हवे.

फॉर्म 67 आणि विवरणपत्रातल्या तीन अनुसूची

सवलत मागण्यासाठी आयटीआर-1 चालत नाही. परदेशात मालमत्ता असलेल्या निवासी पगारदाराला आयटीआर-2 भरावा लागतो, व्यवसाय असेल तर आयटीआर-3. त्यात तीन अनुसूची महत्त्वाच्या आहेत. Schedule FSI मध्ये परदेशातले उत्पन्न, तिथला कर आणि इथला कर देशवार लिहायचा. Schedule TR मध्ये त्याचा गोषवारा येतो. Schedule FA मध्ये परदेशातले शेअर, खाती अशा मालमत्तांची माहिती द्यायची. FSI मध्ये लिहिलेले उत्पन्न मुख्य सदरातही असले पाहिजे. ते नुसते FSI मध्ये लिहिले आणि लाभांशाच्या सदरात राहून गेले, तर उत्पन्न न दाखवताच सवलत मागितल्यासारखे होते.

याशिवाय फॉर्म 67 स्वतंत्रपणे ऑनलाइन भरावा लागतो. खात्याच्या पोर्टलवर `e-File > Income Tax Forms > File Income Tax Forms` या वाटेने तो सापडतो. त्यात देश, उत्पन्नाचा प्रकार, तिथे भरलेला कर, इथे देय असलेला कर आणि मागितलेली सवलत लिहायची आणि पुरावे जोडायचे. हे आकडे FSI मधल्या आकड्यांशी रुपयाला रुपया जुळले पाहिजेत. फॉर्म भरून पडताळणी केली नाही, तर तो भरल्यात जमा होत नाही.

मुदतीचा इतिहास थोडा गुंतागुंतीचा आहे आणि जुनी प्रकरणे अजून चालू असल्याने तो माहीत असलेला बरा. पूर्वी विवरणपत्राच्या मूळ मुदतीच्या आत फॉर्म 67 भरावा लागे. ऑगस्ट 2022 मध्ये नियम सैल झाला. विवरणपत्र मूळ किंवा विलंबित मुदतीत भरले असेल, तर फॉर्म 67 आकारणी वर्ष संपेपर्यंत चालतो. इंजिनिअरबाईंच्या बाबतीत आर्थिक वर्ष 2024-25 साठी ही शेवटची तारीख 31 मार्च 2026 होती. मुदत लांब असली, तरी बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात संगणक विवरणपत्र तपासतो तेव्हा फॉर्म 67 समोर नसेल, तर सवलत शून्य धरून कर मागितला जाण्याचा धोका असतो. म्हणून फॉर्म आधी आणि विवरणपत्र नंतर, किंवा दोन्ही एकाच दिवशी, हा क्रम बरा.

नोटीस वाचताना

प्रक्रिया केंद्राच्या टप्प्यावर येणारा संदेश आणि अधिकाऱ्याने पाठवलेली नोटीस यांत फरक आहे. पहिला संगणकाने काढलेला असतो. तुमच्या मागणीत असा फरक दिसतो, मान्य आहे की नाही ते कळवा, असे तो विचारतो आणि उत्तराला 30 दिवस देतो. दुसऱ्यात प्रकरण छाननीसाठी निवडले गेलेले असते. कलम 143(2) खालची नोटीस छाननी सुरू झाल्याचे सांगते आणि 142(1) खालची नोटीस नेमके कागद मागते. विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात भरले, ते संपल्यापासून तीन महिन्यांत 143(2) ची नोटीस यावी लागते. बाईंनी सप्टेंबर 2025 मध्ये विवरणपत्र भरले असेल, तर ही मुदत 30 जून 2026 ला संपते.

आता छाननी बहुतेक चेहराविरहित असते. अधिकारी कोण, तो कोणत्या शहरात आहे, हे करदात्याला कळत नाही. समोर बसून समजावून सांगण्याची सोय नाही, त्यामुळे कागदांनीच बोलले पाहिजे. नोटिशीवर एक ओळख क्रमांक असतो. तो पोर्टलवर तपासून नोटीस खरी असल्याची खात्री करता येते, आणि बनावट ईमेलच्या दिवसांत ती करून घ्यावी. उत्तर `Pending Actions > e-Proceedings` इथून द्यायचे. दिलेल्या तारखेपर्यंत कागद जमणार नसतील, तर त्याच ठिकाणी मुदतवाढ मागता येते. गप्प बसणे महाग पडते. 142(1) च्या नोटिशीला उत्तर न दिल्यास 10,000 रुपये दंड होऊ शकतो आणि अधिकारी उपलब्ध माहितीवर आपल्या समजुतीप्रमाणे आकारणी करतो. त्यात सवलत राहील याची आशा धरू नये.

पुरावा म्हणून काय चालते, हे नियम 128 मध्येच लिहिले आहे. त्या देशाच्या कर खात्याचा दाखला चालतो, किंवा ज्याने कर कापला त्याचा दाखला चालतो. हे दोन्ही नसेल तर करदात्याने स्वतः सही केलेले निवेदनही चालते. पण त्यासोबत कर स्वतः भरला असेल तर चलन किंवा बँकेची पावती आणि कर कापला गेला असेल तर कपातीचा पुरावा जोडावा लागतो. तिकडच्या कर खात्याचाच दाखला हवा, असा आग्रह नोटिशीत असेल, तर नियमातले हे तीन पर्याय नम्रपणे दाखवून देता येतात.

दोन देशांची दोन वर्षे

आपल्या बाईंकडे अमेरिकन ब्रोकरने पाठवलेला फॉर्म 1042-एस आहे. परदेशी व्यक्तीला दिलेले उत्पन्न आणि त्यावर कापलेला कर यांचा हा अधिकृत दाखला. त्याच्या दुसऱ्या रकान्यात एकूण उत्पन्न असते, 7ए या रकान्यात कापलेला संघीय कर, आणि उत्पन्नाच्या प्रकारासाठी लाभांशाचा संकेतांक 06. नियमाला हवा तसा हा पुरावा आहे. तरीही बाईंनी 2024 चा फॉर्म जोडला आणि अधिकाऱ्याने पुढचा प्रश्न विचारला: दाखल्यात उत्पन्न 1500 डॉलर आणि कर 375 डॉलर आहे, तुम्ही 1600 आणि 400 कसे दाखवले?

यात लबाडी काही नाही. अमेरिकेचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि आपले एप्रिल ते मार्च. 2024 च्या दाखल्यात मार्च 2024 चा लाभांश आहे. तेव्हा बाईंकडे शेअर कमी होते, म्हणून तो 300 डॉलर होता आणि त्यावर 75 डॉलर कर कापला गेला होता. हे उत्पन्न त्यांनी आधीच्या आर्थिक वर्षात दाखवले आहे. उलट मार्च 2025 चे 400 डॉलर या वर्षाचे आहेत, पण ते 2025 च्या दाखल्यात येतील. अधिकाऱ्याला द्यायचा मेळ असा:

2024 च्या दाखल्यातले उत्पन्न 1500 डॉलर, त्यातून मार्च 2024 चे 300 वजा, मार्च 2025 चे 400 मिळवले, एकूण 1600. कराचेही तसेच: 375 मधून 75 वजा, त्यात 100 मिळवले, एकूण 400.

एवढ्या दोन ओळी आणि त्यांना जोडलेली ब्रोकरची मासिक विवरणे, यावर प्रश्न मिटतो. या दोन ओळी नसतील, तर अधिकाऱ्याच्या दृष्टीने 25 डॉलरच्या कराला पुरावाच नाही. शिवाय मार्च 2024 चे 300 डॉलर आधीच्या वर्षी दाखवले होते, हे सांगण्यासाठी त्या वर्षाच्या विवरणपत्राची प्रतही जोडावी. सवलत ज्या वर्षी उत्पन्न भारतात दाखवले त्याच वर्षी मिळते, त्यामुळे ही प्रत नुसती शोभेची नसते.

मार्च 2025 च्या लाभांशात आणखी एक अडचण आहे. त्याचा 1042-एस ब्रोकरने मार्च 2026 च्या मध्यापर्यंत द्यायचा असतो, तर भारतातले विवरणपत्र त्याच्या कितीतरी आधी भरलेले असते. तोवर फॉर्म 67 ला त्या महिन्याचे ब्रोकरचे विवरण जोडायचे. त्यात लाभांश, कपात आणि तारीख या तिन्ही गोष्टी दिसतात. मुख्य दाखला आला की तो जपून ठेवायचा. छाननीची नोटीस सहसा त्यानंतरच येते, तेव्हा तो हाताशी असतो.

याच ठिकाणी आणखी एक विसंगती अधिकाऱ्याच्या नजरेत येते. Schedule FA मध्ये मालमत्तेची माहिती 31 डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाची द्यायची असते आणि FSI मध्ये उत्पन्न एप्रिल ते मार्चचे. एकाच विवरणपत्रात दोन वर्षे शेजारी नांदतात. FA मध्ये 2024 या वर्षाचे 1500 डॉलर आणि FSI मध्ये 1600 डॉलर, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. वर दिलेला मेळ या प्रश्नालाही तेच उत्तर देतो. Schedule FA रिकामी ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. भारत-अमेरिका माहिती देवाणघेवाणीच्या 2015 च्या करारामुळे तिकडच्या खात्यांची माहिती आपल्या कर खात्याकडे येते. परदेशी मालमत्ता न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. स्थावर सोडून इतर मालमत्ता मिळून 20 लाखांच्या आत असतील, तर ऑक्टोबर 2024 पासून या दंडातून सूट आहे, पण ती माहिती देण्याच्या कर्तव्यातून सुटका नाही.

हा कर अंतिम आहे का?

शेवटचा आणि सर्वांत कमी समजलेला प्रश्न. अमेरिकन ब्रोकरकडे खाते उघडताना डब्ल्यू-8बेन नावाचा फॉर्म भरला जातो. आपण भारताचे निवासी आहोत आणि करारातला 25 टक्के दर लागू आहे, असे त्यात लिहिलेले असते. सही केलेल्या वर्षानंतर तीन कॅलेंडर वर्षे संपेपर्यंत तो चालतो. तो संपला आणि नवा भरला नाही, तर ब्रोकर 30 टक्के कर कापतो.

अशा वेळी जास्तीच्या 5 टक्क्यांवर भारतात सवलत मागितली, तर ती नाकारली जाते आणि ते योग्यच आहे. करारात ठरल्यापेक्षा जास्त घेतलेला कर भारताने सोसायचा नसतो. तो अमेरिकेच्या कर खात्याकडे 1040-एनआर हे विवरणपत्र भरून परत मागावा लागतो. म्हणून 1042-एस हाती आला की सर्वांत आधी त्यातला दर पाहावा. 25 च्या जागी 30 दिसला, तर दुरुस्ती भारतात नाही, तिकडे करायची आहे.

याच कारणाने अधिकारी विचारतो, की परदेशात तुम्ही परतावा मागितला आहे का, आणि या कराबद्दल तिकडे काही वाद चालू आहे का. वादात असलेल्या कराची सवलत मिळत नाही. वाद मिटून कर प्रत्यक्ष भरल्यावर, ज्या महिन्यात तो मिटला त्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत पुरावा दिला, तर ती मिळू शकते. तिकडे भरलेले व्याज किंवा दंड सवलतीत कधीच धरले जात नाहीत. म्हणून उत्तराच्या शेवटी एक साधे निवेदन द्यावे: वरील कराचा परतावा मागितलेला नाही, मिळालेला नाही आणि त्याबाबत वाद नाही. अर्थात ते खरे असेल तरच.

पगाराचे प्रकरण

काही महिने परदेशी प्रकल्पावर जाऊन आलेल्यांचे प्रकरण लाभांशापेक्षा थोडे वेगळे असते. अमेरिकेत मिळालेल्या पगाराचा दाखला डब्ल्यू-2, ब्रिटनमधला पी60. या दाखल्यांवर एकाच ओळीत अनेक कपाती असतात आणि त्यांची सरसकट बेरीज करण्याचा मोह होतो. अमेरिकेतल्या सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरच्या कपाती या प्राप्तिकर नव्हेत, त्यांची सवलत करारात बसत नाही. राज्याचा प्राप्तिकर, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियाचा, भारत-अमेरिका करारात नाही, कारण करार फक्त संघीय करापुरता आहे. मात्र कर्नाटक उच्च न्यायालयाने विप्रोच्या प्रकरणात राज्याच्या करालाही कलम 91 खाली सवलत दिली आहे. ती मागायची तर वेगळी आणि या निर्णयाच्या आधारावर मागावी, संघीय करात मिसळून नव्हे.

शिवाय पगारातून कापलेला कर हा अंदाज असतो. वर्ष संपल्यावर तिकडचे विवरणपत्र भरले, की बऱ्याचदा काही रक्कम परत मिळते. दाखल्यावर 6000 डॉलर कापल्याचे दिसत असेल आणि 1500 परत आले असतील, तर सवलत 4500 डॉलरवरच मोजायची. अधिकारी परदेशी विवरणपत्राची प्रत मागतो, ती यासाठीच. कागद जर्मन किंवा जपानी भाषेत असतील, तर इंग्रजी भाषांतर जोडावे. अन्यथा पुरावा देऊनही तो वाचला जात नाही.

सवलत नाकारली तर

फॉर्म 67 उशिरा भरला, एवढ्याच कारणाने सवलत नाकारल्याची बरीच प्रकरणे न्यायालयांत गेली. मुंबईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने अभिनेत्री सोनाक्षी सिन्हा यांच्या प्रकरणात 2022 मध्ये सवलत मान्य केली. मद्रास उच्च न्यायालयानेही 2023 मध्ये असेच मत दिले, की फॉर्म 67 ही प्रक्रियेची अट आहे आणि ती उशिरा पाळली म्हणून करारातून मिळालेला हक्क जात नाही. निकाल सगळे एका बाजूचे नाहीत. विशाखापट्टणमच्या न्यायाधिकरणाने उलट निर्णय दिलेला आहे. त्यामुळे उशिराचा फॉर्म ही लढण्याजोगी बाजू आहे, निर्धास्त राहण्याजोगी नाही.

आदेशात साधी दिसून येणारी चूक असेल, म्हणजे फॉर्म 67 पोर्टलवर असूनही पाहिला गेला नसेल, तर कलम 154 खाली दुरुस्ती मागावी. मुद्दा वादाचा असेल, तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत फॉर्म 35 भरून अपील करावे. दुरुस्तीची वाट पाहण्यात अपिलाची मुदत निघून जाते, ही वारंवार घडणारी गोष्ट आहे.

1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. आर्थिक वर्ष 2025-26 पर्यंतच्या उत्पन्नाची प्रकरणे मात्र 1961 च्या कायद्यानेच चालतील. म्हणजे पुढची काही वर्षे कलम 90 आणि फॉर्म 67 यांच्याशी गाठ पडत राहणार.

अमेरिकन शेअर बाळगणाऱ्या प्रत्येकाने दरवर्षी एक तक्ता तयार ठेवावा. त्यात लाभांशाची तारीख, एकूण डॉलर, कापलेले डॉलर, लागू दराची तारीख, दर आणि रुपये असे रकाने असावेत आणि तळाशी 1042-एस शी घातलेला मेळ. त्यामागे दाखले, ब्रोकरची विवरणे, दरपत्रके, फॉर्म 67 ची पोच आणि विवरणपत्र क्रमाने लावावे. नोटीस येईल तेव्हा उत्तर लिहायला एक संध्याकाळ पुरेल. आणि हे सगळे करूनही 20 लाख उत्पन्न असलेल्याला 25 टक्क्यांचा पूर्ण कर परत मिळणार नाही, हे शेअर घेतानाच हिशेबात धरावे.